गोदाम रिकामं करण्याचा प्रस्ताव

आमच्या एमडींना, म्हणजे अण्णांना, ईआरपी का घ्यायची हे पटवायला मी जी नोट लिहिली, तिच्यात रंगीत आलेख होते, बाणांनी जोडलेले चौकोन होते आणि एक पिरॅमिडही होता. पिरॅमिड कशाचा, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. सॉफ्टवेअर विकणाऱ्या पोरांच्या सादरीकरणातून तो मी तसाच्या तसा उचलला होता. विकणाऱ्याच्या पत्रकावरून खर्चाची नोट लिहिणं म्हणजे नवऱ्या मुलाची चौकशी त्याच्याच मामाकडे करणं, हे मला कोणी तोवर सांगितलं नव्हतं.

आमचा धंदा पंप आणि व्हॉल्व्हच्या दुरुस्तीचा. हिशेब सांगलीत, वर्कशॉप कराडजवळ आणि सुट्या भागांचं गोदाम कोयनानगरात. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-लोट्याकडची गिऱ्हाइकं सांभाळायला ही जागा सोयीची, असं अण्णांनी कधीकाळी ठरवलं आणि मला ऑपरेशन्स मॅनेजर म्हणून इथे बसवलं. इथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना गोदामाबद्दल वेगळं सांगायला नको. जुलैत रजिस्टरची पानं पापडासारखी उलटावी लागतात, तेही बाहेर ठेवून सादळलेल्या पापडासारखी. सांगलीत टॅली, कराडला एक्सेल आणि कोयनानगरात गोदाम सांभाळणाऱ्या तात्यांचं रजिस्टर, अशा तीन ठिकाणी एकच माल तीन वेळा लिहिला जातो आणि तिन्हीकडे वेगळा निघतो. खरेदी, स्टोअर, जॉबचा खर्च आणि हिशेब एकाच ठिकाणी यावा, नोंद एकदाच व्हावी, यासाठी ईआरपी. इथवर माझं म्हणणं बरोबर होतं. पुढे मी गणित मांडलं.

पंधरा जणांचं लायसन्स नऊ लाख, बसवून देण्याचे बारा लाख, एकूण एकवीस लाख. फायदा काय? आमचा साठा दोन कोटींचा. ईआरपीमुळे तो वीस टक्क्यांनी कमी होणार, म्हणजे चाळीस लाखांची बचत. दरवर्षी. सहा-सव्वासहा महिन्यांत पैसे वसूल. हा आकडा मी ठळक टायपात, चौकटीत, हिरव्या रंगात टाकला होता.

अण्णा नोट वाचायला थेट कोयनानगरलाच आले. पाऊस धो धो, लाइट गेलेली. ज्या गावाच्या पाण्यावर डोंगरापलीकडे पोफळीत वीज तयार होते, त्या गावात आम्ही मोबाईलच्या उजेडात बसलो. अण्णांनी पानं उलटली, पिरॅमिडवर एक क्षणही घालवला नाही आणि हिरव्या चौकटीवर बोट ठेवलं.

"दरवर्षी चाळीस लाख?"

"हो अण्णा. किमान."

"दोन कोटींतून. म्हणजे पाचव्या वर्षी गोदाम रिकामं. सहाव्या वर्षी काय विकायचं, हा पिरॅमिड?"

मी काहीतरी 'ऑप्टिमायझेशन' म्हणालो. अण्णांनी खिडकीकडे हात केला. "ते धरण बघा. एकशेपाच टीएमसी. पाणी एकदा सोडलं की सोडलं. पुढच्या वर्षी पुन्हा सोडता येतं, कारण वरून पाऊस भरतो. माझं गोदाम कोण भरतं? मीच. तेही बँकेच्या कॅश क्रेडिटवर."

साठ्याबद्दलची ही चूक फार जुनी आहे आणि विक्रेत्यांच्या जवळजवळ सगळ्या पत्रकांत सापडते. साठा चाळीस लाखांनी उतरला तर चाळीस लाख मोकळे होतात ते एकदाच. तो नफा नव्हे, आपलाच अडकलेला पैसा. दरवर्षी वाचतं ते त्या पैशाचं व्याज, आणि फार तर जागा, गंज, पडून बाद होणारा माल. साडेदहा टक्क्यांनी चाळीस लाखांचं व्याज चार लाख वीस हजार. माझ्या हिरव्या चौकटीतल्या रकमेचा जेमतेम दहावा हिस्सा. अण्णांनी त्यातही 'वीस टक्के' खोडून 'दहा' केलं. "साठा कमी करायला सॉफ्टवेअर लागत नाही, खरेदीवाल्याला धाक लागतो," असं त्यांचं मत. उरले दोन लाख दहा हजार.

मग अण्णांनी परीक्षा घेतली. "६२०५ बेअरिंग किती आहेत?"

हे पंपात सर्रास लागणारं बेअरिंग. शेवटच्या शून्य-पाचला पाचाने गुणलं की आतलं भोक निघतं, पंचवीस मिलिमीटर. मी लॅपटॉप उघडला (बॅटरीवर). एक्सेलमध्ये चार. तात्यांच्या रजिस्टरात अकरा. अण्णा म्हणाले, रॅक दाखवा.

तात्यांनी बॅटरी घेतली. आमचे रॅक बुटके आहेत आणि भिंतीला अँगलने बोल्ट केलेले. हे तात्यांचं काम. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात त्यांच्या वडिलांचं घर बसलं होतं, तेव्हापासून त्यांच्या घरात आणि गोदामात उंच काही उभं राहत नाही. तात्यांनी खालच्या कप्प्यातून चार खोकी काढली. मग पलीकडच्या रॅकवरून सात. मग ग्रीसच्या डब्यांमागून आणखी बारा. तिन्ही ठिकाणी डब्यांवर वेगळी नावं: 'बेअरिंग ६२०५', 'बॉल बेअरिंग ६२०५', 'बॉल बेअरिंग २५ बोअर'. एकूण तेवीस.

"एक्सेलात पहिलं नाव हाय सायेब, चारचं," तात्या म्हणाले. "रजिस्टरात मी पहिली दोन धरतो, अकरा. तिसरं कराडनं पाठवल्यालं, ते मला तोंडपाठ हाय."

"आणि गेल्या महिन्यात आपण ६२०५ घेतले?"

घेतले होते. तातडीने, लोट्याच्या एका कामासाठी, जादा दराने, गाडी पाठवून.

त्या तेवीस खोक्यांनी मला शिकवलं ते माझ्या नोटेत कुठेच नव्हतं. ईआरपीला यातलं काही आपोआप कळत नाही. तिन्ही नावं तिच्यात भरली तर ती तिन्ही वेगळ्या वस्तू समजेल आणि पुन्हा जादा दराने ऑर्डर काढायला मदतच करेल, फक्त जास्त वेगाने. आधी प्रत्येक वस्तूला एकच नाव, एकच कोड, एकच एकक. कोणी नगात लिहितं, कोणी डझनात, तांब्याची पट्टी कोणी किलोत तर कोणी मीटरात. याला आयटम मास्टर साफ करणं म्हणतात. ते विक्रेता करत नाही, त्याच्या कोटेशनमध्ये त्याची ओळही नसते. ते करायला माल हाताळलेला माणूस लागतो.

दुसरी नोट मी अण्णांनी दिलेल्या कोऱ्या कागदावर लिहिली. यावेळी आधी विचारलं, की पैसे आता कुठून गळतात? वर्षभराचे गेट पास आणि बिलं काढून बसलो. माल असूनही पुन्हा घेतलेला: तीन लाख वीस हजार. तातडीच्या गाड्या आणि उशिरामुळे गिऱ्हाइकांनी कापलेला दंड: चार लाख वीस हजार. दंडाची एकूण रक्कम याहून मोठी होती, पण सुटा भाग न सापडल्यामुळे झालेला उशीर तेवढाच धरला. ड्रायव्हर आजारी पडल्यामुळे झालेला उशीर ईआरपी थांबवत नाही. व्याज धरून साडेनऊ लाख.

मग खरा खर्च. पंधरा जणांचं लायसन्स घेतलं की त्यावर हार्डवेअर, इंटरनेट, कोड लावणारी माणसं, प्रशिक्षण आणि पंधरा टक्के आकस्मिक, असं करत आकडा छत्तीस लाखांवर गेला. जीएसटी मी वेगळा दाखवला. अठरा टक्के भरावा लागतो खरा, पण इनपुट क्रेडिट मिळतं. ती रोकडीची अडचण आहे, खर्च नाही. पहिल्या नोटेत मी त्याचा उल्लेखच केला नव्हता. छत्तीस लाख आणि वर्षाला साडेनऊ, त्यातून वर्षाची देखभाल वजा. पाच वर्षं. अण्णा तीन वर्षांपलीकडे बघत नाहीत.

पण गळती होती कुठे? सगळी स्टोअर आणि खरेदीत. पगार, हजेरी, विक्रीचा पाठपुरावा हे मी घेत होतो, कारण पिरॅमिडमध्ये ते होतं. ते काढलं. आठ जणांचं लायसन्स पाच लाख, बसवणं सहा, प्रिंटर-यूपीएस-जोडणी साडेतीन, आयटम मास्टर अडीच, प्रशिक्षण एक लाख वीस हजार. आकस्मिक धरून एकवीस लाखांना सात हजार कमी. वर्षाची देखभाल आणि सर्व्हर अडीच लाख. साडेनऊतून अडीच गेले, सात उरले. तीन वर्षं. साठ्यातून एकदाच मोकळे होणारे वीस लाख खाली वेगळ्या ओळीत, बेरजेत न धरता.

अण्णांनी बेरीज बघितली. "एकवीस लाख? मग पहिली नोट काय वाईट होती?"

सुरू करण्याची तारीख हा दुसरा वाद. विक्रेत्याला १ एप्रिल हवी होती. त्याला कारण आहे: ३१ मार्चला माल मोजलेलाच असतो, तोच सुरुवातीचा साठा म्हणून भरता येतो. पण एप्रिल-मे म्हणजे पावसाआधी सगळ्यांचे पंप आमच्याकडे. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये आपली नवी व्यवस्था हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर चालू केली आणि सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचवता आल्या नाहीत. माल गोदामात होता, कुठे आहे ते व्यवस्थेला माहीत नव्हतं. आम्हाला त्यासाठी एवढी मोठी कंपनी असण्याची गरज नाही, आमचं ग्रीसच्या डब्यांमागे आधीच चालू आहे. म्हणून तारीख दिवाळीनंतरची. त्यासाठी माल एकदा जादा मोजावा लागेल, तेवढंच.

चालू झाल्यावर बिघडतंय हे कसं ओळखायचं, तेही अण्णांनी लिहून घेतलं. सर्वांत आधी 'मायनस साठा' दिसतो. यादीत बेअरिंग उणे सहा. माल आल्याची नोंद करायच्या आधीच कोणीतरी तो काढून दिलेला असतो. दुसरं म्हणजे माणसं ड्रॉवरमध्ये गुपचूप आपली वही ठेवू लागतात. वही सापडली की समजायचं, पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास बसलेला नाही. म्हणून विक्रेत्याचे शेवटचे वीस टक्के एक महिनाअखेर टॅलीतला साठा आणि नव्या व्यवस्थेतला साठा जुळेपर्यंत थांबवायचे, ही अट घातली. विक्रेत्याच्या पोराने ती वाचून दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मान्य केली.

नोट मंजूर होऊन आली. आकस्मिक खर्चासमोर अण्णांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं, पण रक्कम ठेवली होती. शेवटच्या पानावर 'प्रकल्पप्रमुख' या शब्दापुढे माझं नाव टाइप केलेलं होतं. ते एका रेघेने खोडून निळ्या शाईत तात्यांचं लिहिलं होतं. खाली सही, तारीख, आणि एक ओळ: 'या कामात ऑपरेशन्स मॅनेजर तात्यांना लागेल ती मदत करतील.'

तात्यांनी पहिली मदत लगेच मागितली. माझा लॅपटॉप.