उणे एक

आमच्या घराण्यात कर्ज काढायची पद्धत नाही. इतर घरांतले लोक "आमच्याकडे कुणी तुरुंगात गेलेलं नाही" हे ज्या सुरात सांगत असतील, त्या सुरात आमचे अण्णा हे सांगतात. कराडचं घरसुद्धा त्यांनी पैसे साठतील तसं बांधलं. त्यामुळे वरच्या मजल्याला खिडक्या बसल्या, तोवर खालच्या मजल्याच्या खिडक्या बदलायला झाल्या होत्या. पण देणं कुणाचं एक पैशाचं नाही!

असा निष्कलंक वारसा घेऊन मी पुण्यात नोकरीला लागलो, आणि पहिला पगार जमा होतो न होतो तोच एका बँकेतून गोड आवाजात फोन आला. "सर, तुमच्यासाठी क्रेडिट कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे." मी मागितलंही नव्हतं आणि ते मंजूरही झालं होतं. आमच्याकडे सहसा मागूनही काही मंजूर होत नाही, त्यामुळे मी गहिवरून अर्ज भरला. चार दिवसांनी त्याच बँकेचा संदेश आला, की अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही. दुसऱ्या दिवशी गोड आवाजाचा पुन्हा फोन. "सर, तुमच्यासाठी कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे."

शेवटी मी शाखेत गेलो. काउंटरमागच्या मॅडमनी माझा पॅन नंबर संगणकात घातला, पडद्याकडे पाहिलं आणि डॉक्टर एक्स-रे पाहून थांबतात तशा थांबल्या.

"तुमचं सिबिल उणे एक येतंय."

सिबिलचा स्कोअर 300 ते 900 या पट्ट्यात असतो. म्हणजे कर्ज बुडवून परागंदा झालेल्या माणसालाही तीनशे मिळतात. मी कधी कुणाचे पाच रुपये ठेवले नाहीत, म्हणून मला उणे एक! "म्हणजे मी वाईट?" मी विचारलं. "नाही हो," मॅडम समजुतीने म्हणाल्या, "तुम्ही नाहीच."

उणे एकचा अर्थ खरोखर एवढाच आहे, की या माणसाची नोंद सापडत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या देशातल्या कर्जदारांची वही ठेवतात, आणि त्या वहीत फक्त उधारी लिहिली जाते. तुमची बचत, तुमची एफडी, डेबिट कार्डावरची खरेदी, बँक खात्यातून यूपीआयने दिलेला भाजीचा हिशेब, यातलं काहीच तिथे जात नाही. आमच्या गल्लीतल्या वाण्याकडेही अशीच एक लाल वही होती. पण वाणी आजोबांना ओळखायचा, त्यामुळे वहीत नाव नसलेल्या नातवालाही पार्ले-जी मिळायचा. या चार वह्यांना आजोबांची काही माहिती नाही.

"मग मला कार्ड कधी मिळेल?"

"हिस्टरी तयार झाली की."

"आणि हिस्टरी कशी तयार होते?"

"कार्ड वापरलं की."

या उत्तरावर मॅडम स्वतःही हसल्या. तसं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 च्या निर्देशांत बँकांना सांगितलेलं आहे, की पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका. बँका आज्ञाधारक असतात. त्या केवळ तेवढ्यासाठी परत पाठवत नाहीत. त्यांच्याकडे अंतर्गत धोरण असतं.

अशा वेळी पाच बँकांत पाच अर्ज टाकावेत असं कुणालाही वाटतं. माझ्या रूम पार्टनरने तेच केलं. पण तुम्ही अर्ज केला की बँक तुमचा अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद वहीत होते. त्याच्या अहवालात कर्ज एकही नव्हतं, चौकश्या मात्र ओळीने होत्या. सहाव्या बँकेला वाटलं, हा माणूस फारच अडचणीत दिसतो. (आपला अहवाल आपणच पाहिला तर काही बिघडत नाही. प्रत्येक कंपनीकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो.)

मॅडमनी सुचवलेली वाट वेगळी होती. बँकेत एफडी करायची आणि तिच्यावर कार्ड घ्यायचं. मी 20 हजारांची एफडी केली, तिच्यावर बँकेने आपला हक्क नोंदवला आणि 90 टक्के, म्हणजे 18 हजारांची मर्यादा असलेलं कार्ड मला दिलं. एफडीचं व्याज चालू राहतं. फक्त कार्ड असेपर्यंत ती मोडता येत नाही. पगाराची चिठ्ठी नसलेल्या विद्यार्थ्यालाही या वाटेने कार्ड मिळू शकतं, फक्त तो अठरा वर्षांचा हवा.

अण्णांना मी हे फोनवर समजावलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पैसे तुझे, ते तू त्यांच्याकडे ठेवायचे, त्यातलेच त्यांनी तुला उसने द्यायचे, आणि तू वेळेवर परत केलेस की त्यांनी तुला चांगला म्हणायचं?"

"हो."

"आणि हे लोक शिकलेले आहेत?"

कार्ड वापरण्याचं शास्त्र मात्र सोपं आहे. 18 हजारांची मर्यादा आहे म्हणून 18 हजार खर्चायचे नसतात. बिलाच्या तारखेला जी बाकी दिसते, ती साधारण तीस टक्क्यांच्या, म्हणजे माझ्या बाबतीत 5,400 च्या आत असलेली बरी. जास्त झालीच तर बिल बनण्याआधीच थोडे भरून टाकता येतात. मी मोबाइलचं आणि विजेचं बिल कार्डावर टाकलं आणि पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप कापली जाईल अशी सोय केली.

'पूर्ण' या शब्दावर बोट ठेवून सांगतो, कारण त्याच फॉर्मवर शेजारी 'किमान देय रक्कम' असाही चौकोन असतो. रूम पार्टनरला पुढे कार्ड मिळालं तेव्हा त्याने तोच पसंत केला. 5 जूनला त्याने 12 हजारांचा फोन घेतला. 20 जूनला बिल आलं, किमान देय 600. त्याने 8 जुलैला, ऐन शेवटच्या तारखेला, 600 भरले आणि बँक किती समजूतदार आहे यावर मला व्याख्यान दिलं. पण पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज थेट खरेदीच्या दिवसापासून लागतं. वर्षाला 42 टक्के दराने 20 जुलैपर्यंत ते सुमारे 613 रुपये झालं, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 110. म्हणजे 600 भरल्यावर त्याचं देणं 12 हजारांवरून 12,123 झालं. शिवाय आता नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. फोन मात्र चांगला होता.

साधारण सहा महिने असे व्यवहार नोंदले गेले की वहीत माणूस जन्माला येतो. माझ्या नावापुढे सातशेच्या घरातला आकडा आला, आणि त्याच बँकेने मला एफडीशिवायचं साधं कार्ड दिलं. आता जुनं कार्ड बंद करून एफडी सोडवायला हरकत नव्हती. इथे रिझर्व्ह बँकेचा एक सुरेख नियम आहे: सगळी बाकी चुकवून अर्ज दिला, की बँकेने कामकाजाच्या सात दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये दंड ग्राहकाला द्यायचा. मी अर्ज लेखी दिला, पोच घेतली आणि आठव्या दिवसाची आतुरतेने वाट पाहू लागलो. बँकेने कार्ड मुदतीत बंद केलं. इतकी तत्परता तिने यापूर्वी कधीच दाखवली नव्हती.