चारशे पानं, तीन साक्षीदार

महाराष्ट्रात लग्न लावायचं तर मुहूर्त, मांडव आणि वाजंत्री पुरतात. लागलेलं लग्न नोंदवायला मात्र 1998 सालचा एक कायदा आहे, आणि त्याच्या नावात विवाह नोंदणी शेवटी येते, आधी येतात विवाह मंडळं. पुढे सर्वोच्च न्यायालयानं सगळ्याच राज्यांना बजावलं की नोंदणी सक्तीची करा. तारीख होती 14 फेब्रुवारी 2006. न्यायमूर्तींना विनोदबुद्धी नसते असं पुन्हा कुणी म्हणू नये.

माझ्या भाच्याचं लग्न 30 नोव्हेंबर 2025 ला झालं. ड्रोन होता, धूर सोडणारं यंत्र होतं, नवरी गॉगल लावून आली. नोंदणीची आठवण झाली ती फेब्रुवारीत, तीही परदेशातल्या कंपनीनं बायकोच्या व्हिसासाठी दाखला मागितला म्हणून. प्रेमाला लागत नाही, पण व्हिसाला कागद लागतो.

मग दोघं रात्री लॅपटॉप उघडून बसले. अर्जाचं सरकारी नाव ज्ञापन, आणि त्यातला पहिलाच रकाना विवाहाच्या तारखेचा. भाच्यानं झटकन त्या दिवसाची तारीख टाकली, कारण अर्जावर तारीख म्हणजे आजची, ही शाळेपासूनची सवय. मग वय. त्यानं चालू वय लिहिलं. ज्ञापनाला हवं असतं विवाहाच्या दिवशीचं. मध्ये वाढदिवस येऊन गेला असेल तर दोन्हींत वर्षाचा फरक पडतो. त्याच्याखाली ‘विवाहाच्या वेळची स्थिती’. चिरंजीवांनी मोठ्या अभिमानानं निवडलं, ‘विवाहित’.

“अरे, बोहल्यावर चढताना तू आधीच विवाहित होतास?” मी विचारलं.

“मामा, झालं ना आता लग्न!”

असा अर्ज कचेरीत गेला की तिथला कारकून वर बघतो, आणि पहिल्या लग्नाचा घटस्फोटाचा हुकूमनामा मागतो. उत्तर हवं असतं ‘अविवाहित’. नवरदेव विधुर असेल तर पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला, घटस्फोटित असेल तर हुकूमनामा. चौथी कुठली गंमत तिथं चालत नाही.

तारखेचा रकाना दिसायला सर्वात सोपा, पण सगळा अर्ज त्याच्यावरच उभा असतो. ज्ञापन विवाहापासून नव्वद दिवसांत द्यायचं असतं. दिवस मोजायचे ते विधी झाला त्या दिवसापासून, लॅपटॉप उघडला त्या दिवसापासून नाही. 30 नोव्हेंबरनंतरचा नव्वदावा दिवस आला 28 फेब्रुवारीला, आणि तो निघाला शनिवार. कचेरी बंद, म्हणजे निर्धास्त राहायचं तर शुक्रवारच गाठायचा. मुदत टळली म्हणून लग्न मोडत नाही, नोंदणीही बंद होत नाही. शुल्क तेवढं वाढतं, आणि ते वाढलेलं शुल्कसुद्धा मांडवातल्या एका पानापेक्षा स्वस्त असतं. लोक आरामात बसतात ते बहुधा म्हणूनच.

काही जण उलट घाई करतात. विधी पुढच्या वर्षी, दाखला या वर्षी, कारण व्हिसाची तारीख थांबत नाही. अशाच एका जोडप्याचं प्रकरण 2024 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोघंही व्यावसायिक वैमानिक. लग्नाचे विधी झालेच नव्हते, पण दाखला तयार होता. न्यायालयानं सांगितलं की हिंदू विवाह कायद्याप्रमाणे आधी विधी, मग नोंदणी. विधीच नसेल तर नुसत्या दाखल्यानं कुणी नवराबायको होत नाही. विधी नको असेल तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याची वाट मोकळी आहे, पण तिथं आधी नोटीस आणि मग तीस दिवसांची वाट पाहणं आलं. तेवढा धीर असता तर घाई कशाला केली असती!

आता साक्षीदार. मांडवात चारशे पानं उठली, अर्जाला हवीत फक्त तीन माणसं. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता, व्यवसाय आणि वधूवरांशी नातं. नातं म्हटल्यावर भाच्यानं एका मित्रापुढे ‘ब्रो’ लिहिलं. खरी मेख पुढे आहे. ऑनलाइन म्हणजे फक्त अर्ज भरणं ऑनलाइन. मिळालेल्या तारखेला नवरा, नवरी आणि तिन्ही साक्षीदारांनी मूळ ओळखपत्रं घेऊन निबंधकासमोर हजर व्हायचं, सह्या करायच्या. तेही कामाच्या दिवशी. म्हणून नागपूरचे काका, दुबईची आतेबहीण आणि सुट्टी न मिळणारा मित्र ही नावं कितीही प्रेमाची असली तरी अर्जाला निरुपयोगी. भाच्याच्या यादीत नेमके हेच तिघे होते. शेवटी साक्षीदार ठरले मी, शेजारचे निवृत्त जोशीकाका आणि नवरीची मावशी. जोशीकाका लग्नात जेवणापुरते आले होते, पण अक्षता टाकल्याचं शपथेवर सांगतात.

लग्न लावणाऱ्या भटजींचाही रकाना असतो: नाव, पत्ता, सही. भटजींचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. केटररनं पाठवलेले, इतकंच माहीत. केटरर म्हणाला, डेकोरेटरला विचारा.

कागद चढवण्याचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण तिथं शहाणपणापेक्षा स्कॅनर कामाला येतो. व्हॉट्सॲपवरून आलेला, कोपऱ्यात अंगठा दिसणारा आधार कार्डाचा फोटो परत येतो. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, राहण्याचा पुरावा, दोघांचे फोटो आणि लग्नपत्रिका लागते. पत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र.

पत्रिकेनंच घोळ घातला. ती छापताना आत्यानं हौसेनं वराचं नाव ‘चि. पिंट्या’ असं छापून घेतलं होतं, खाली कंसात खरं नाव टाकायला जागा उरली नाही, कारण ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिमुकली मंडळी सात होती. ज्ञापनात ‘अन्य कोणत्या नावाने ओळखले जात असल्यास’ असा रकाना असतो. त्यात निमूटपणे ‘पिंट्या’ लिहावं लागलं. सरकारदरबारी आता तो कायमचा पिंट्या.

नवरीचं उलटं. तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहून झालं होतं आणि उत्साहात तिनं अर्जही त्याच नावानं भरला. पण नव्या नावाचा एकही कागद तिच्याकडे नाही, आणि तो करायला आधी हाच दाखला लागतो. अर्जात माहेरचंच नाव घालायचं, जसं शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर आहे तसं, इंग्रजी स्पेलिंगसकट. नाव बदलायचं की नाही ते दाखला हातात आल्यावर ठरवावं. भाचेसुनेनं ते तिथल्या तिथं ठरवून टाकलं: नाही. आत्याबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही.

सही करण्याआधी मसुदा वाचायला देतात तेव्हा पाचही जण तो वाचतात असं दाखवतात. खरं वाचलं फक्त मावशीनं. वराच्या वडिलांचं नाव आणि वराचं नाव एकच छापलं होतं. छापून आल्यावर ते दुरुस्त करायचं म्हणजे नवा अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पुन्हा हेलपाटे. मावशीनं चष्मा वर केला आणि कारकुनाला विचारलं, “माझ्या भाचीचं लग्न नक्की कुणाशी लावताय?”