खोक्यावरचा वेग

पोर्टेबल हार्ड डिस्कच्या खोक्यावर ‘सुपरस्पीड, ५ जीबीपीएस’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. ते खोटं नाही, त्यामुळे ग्राहक मंचात जाऊन काही हाती लागणार नाही. फक्त तो वेग वायरीचा असतो, आतल्या डिस्कचा नाही. शिवाय तो बिटांत मोजलेला असतो. बाइट करून पाहिले आणि वाटेतली गळती वजा केली, तर सेकंदाला चारशे-साडेचारशे एमबी उरतात. आणि आत मिनिटाला ५४०० फेरे मारणारी ती तबकडी देते किती? सगळं ओळीने वाचायचं असेल, तर शंभर ते एकशेचाळीस.

या वेगाच्या नावाचीही मजा आहे. २००८ साली तो यूएसबी ३.० होता, मग ३.१ जेन १ झाला, पुढे ३.२ जेन १. वेग तेवढाच, ५ जीबीपीएस. सरकार बदललं की जुन्याच योजनेवर नव्या नावाची पाटी लागते, तसं. गिऱ्हाईक मात्र ‘३.२’ बघून दोनशे रुपये जास्त मोजतं.

आमच्या भाच्याच्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी आहे. रेड डेड रिडेम्प्शन २ या एकाच गेमला दीडशे जीबी जागा लागते. म्हणजे दोन-तीन गेम टाकले की कॉलेजच्या असाइनमेंटला जागा उरत नाही. (असाइनमेंटची अर्थात कुणालाच चिंता नाही.) म्हणून त्याने घरातली जुनी पोर्टेबल डिस्क काढली, मावशीच्या लग्नाचे फोटो एका फोल्डरात कोंबले आणि स्टीमची लायब्ररी तिथे हलवली. आठवड्याने निदान जाहीर झालं, ‘मामा, ग्राफिक्स कार्ड गेलंय.’

कार्ड ठणठणीत होतं. या डिस्कवरचं भोक रुंद असतं, दोन खाचा शेजारी शेजारी असाव्यात तसं. तिची मूळ वायर हरवली होती. पठ्ठ्याने जुन्या मोबाइलच्या चार्जरची वायर त्यातल्या मोठ्या खाचेत घातली. ती बसते! डिस्क सुरू होते, दिवा लागतो, गेम दिसतात. पण चालते यूएसबी २.० वर, कारण वाढीव वेगाच्या तारा दुसऱ्या खाचेत असतात आणि ती रिकामीच राहिली. तिथे सेकंदाला पस्तीस-चाळीस एमबीच्या वर काही मिळत नाही. टाइप-सी वाल्यांनी हसू नये. फोनबरोबर येणारी टाइप-सी वायर बहुतेक वेळा याच जुन्या वेगाची असते. तोंड नवं आहे, एवढंच.

समजा, गेम सुरू होताना सहा जीबी माल वाचावा लागतो. चार्जरच्या वायरीने जवळपास तीन मिनिटं लागतील. योग्य वायर लावली तर तीच हार्ड डिस्क पन्नास सेकंद घेईल, तेही सगळा माल ओळीने मांडलेला असेल तर. त्याच पोर्टला एसएसडी लावा, पंधरा सेकंदांच्या आत काम. आणि १० जीबीपीएसचं पोर्ट आणि तेवढ्याच वेगाची एसएसडी असेल तर कागदावर सहा-सात सेकंद. कागदावरच, कारण तोवर दाबून भरलेला माल उलगडायला प्रोसेसरलाच वेळ लागू लागतो. म्हणजे पहिल्या दोन उड्या डोळ्यांना दिसतात, तिसरी प्रामुख्याने बिलात दिसते.

पण ही झाली लोडिंगची गोष्ट. लोडिंगमध्ये माणूस चहा घेऊन येतो. खरा वैताग अडखळण्याचा. घोडा भरधाव सोडलाय आणि चित्र क्षणभर थिजतं, किंवा समोरचं घर मातीच्या गोळ्यासारखं दिसतं आणि दोन सेकंदांनी त्याला खिडक्या फुटतात. इथे सेकंदाला किती एमबी हा प्रश्नच गौण ठरतो. मोकळ्या जगाचे गेम पुढचा मुलूख तुकड्या-तुकड्यांनी मागतात, आणि ते तुकडे डिस्कवर विखुरलेले असतात. हार्ड डिस्कला प्रत्येक तुकड्यासाठी वाचक-सुई सरकवून, तबकडी फिरून जागेवर येईपर्यंत थांबावं लागतं. त्यात पंधराएक मिलिसेकंद जातात. सेकंदाला साठ चित्रं हवी असतील तर एका चित्राच्या वाट्याला येतात सोळा-सतरा. म्हणजे सेकंदाला साठेक तुकडे, आणि तुकडा ६४ केबीचा धरला तर जेमतेम चार एमबी! वायर ५ जीबीपीएसची असो नाहीतर २० ची, ती रिकामी बसून राहते.

हे दुखणं गेम बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पीएस४ मध्ये अशीच ५४०० फेऱ्यांची डिस्क होती. पीएस५ चा मुख्य आर्किटेक्ट मार्क सर्नी याने २०२० च्या भाषणात सांगितलं की स्पायडर-मॅन गेममधला काही डेटा डिस्कवर चारशे-चारशे वेळा भरून ठेवला होता. हेतू हा, की सुईला लांब जावं लागू नये. २०१३ ते २०२० या काळातले बरेचसे गेम असे हार्ड डिस्कची मनधरणी करून बनलेत. ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर, वायर बरोबर असेल तर, कुरकुरत का होईना चालतात. पुढच्यांनी ती मनधरणी सोडली. स्टारफिल्डने २०२३ मध्ये किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिली. सोनीने तर वादच मिटवला. पीएस५ चे गेम यूएसबीवर ठेवता येतात, खेळता येत नाहीत, मग लावलेली एसएसडी कितीही महाग असो. पीसीवर अशी बंदी नाही. तिथे सगळ्यांना लोकशाहीतला अडखळण्याचा अधिकार आहे.

प्रत्येक अडखळणं डिस्कच्या माथी मारू नये, हेही खरं. काही गेम नवा देखावा आला की शेडर जागच्या जागी तयार करतात आणि तेवढ्यात चित्र अडतं. ते आतल्या महागड्या एसएसडीवरही अडतं. फरक ओळखायला विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये ती डिस्क निवडा आणि खेळा. थिजण्याच्या क्षणी ‘Active time’ शंभर टक्क्यांना टेकलेला आणि वाचनाचा वेग मात्र पाच-दहा एमबी असेल, तर गुन्हेगार तबकडी. ती डिस्क निवांत असेल तर दुसरीकडे शोधा. आणि बराच वेळ काही न मागितल्यावर पहिल्याच मागणीला गेम काही सेकंद गोठला, तर डिस्क झोपली होती. बाहेरच्या हार्ड डिस्कना ती खोड असते.

वायरीची परीक्षा आणखी सोपी. चार-पाच जीबीची एकच फाइल बाहेरच्या डिस्कवरून लॅपटॉपच्या एसएसडीवर कॉपी करा. आकडा चाळिसाच्या आसपास सपाट राहिला तर वायर किंवा पोर्ट जुनं आहे. सव्वाशेच्या आसपास असेल तर वायर निर्दोष, डिस्कच तेवढी. चारशेच्या वर गेला तर अडखळण्याचं खापर यूएसबीवर फोडू नका.

भाच्याला मूळ प्रकारची रुंद वायर आणून दिली, लोडिंग आटोक्यात आलं. घोडा अजून अधूनमधून थबकतो आणि त्या डिस्कवर तो थबकणारच. तेव्हा अशा पोरांच्या आईबापांना एवढंच सांगणं आहे: ग्राफिक्स कार्डासाठी हट्ट सुरू झाला, तर आधी १० जीबीपीएसची साधी बाहेरची एसएसडी घ्या, तिच्याबरोबर आलेलीच वायर वापरायला लावा, आणि जुनी हार्ड डिस्क खेळून झालेल्या गेमसाठी ठेवा. २० जीबीपीएसवाली घेऊ नका. बहुतेक लॅपटॉपना तसं पोर्टच नसतं, ती १० वरच चालेल.