लेखी हरिश्चंद्र

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत फिरलात तर हा पर्सोनेल ऑफिसर कुठल्या ना कुठल्या गेटाआड भेटेलच. फोनवर तो बेधडक थापा मारतो. 'साहेब आत्ताच बाहेर पडले', 'तुमचीच फाइल समोर आहे', आणि समोर असतो वडापाव. पण लिहायला बसला की थेट हरिश्चंद्र. उमेदवारी टाइम ऑफिसात मस्टर सांभाळण्यात गेलेली. कागदावर गेलेलं कधीतरी आपल्याच अंगावर येतं, हे हाडीमाशी मुरलेलं.

सध्या क्यूसी केमिस्टची जागा भरायची आहे. बदलापूरच्या एका मुलीच्या दोन्ही मुलाखती उत्तम झाल्या, पण जागेच्या मंजुरीवर मालकांची सही नाही आणि मालक परगावी. प्लांट मॅनेजरने मजकूर सुचवला, "लिहा, निवड जवळपास निश्चित आहे."

"'जवळपास' कोण वाचतं हो? ती 'निश्चित' वाचेल आणि तुर्भ्याची नोकरी सोडेल. उद्या मालकांनी जागाच रद्द केली तर?"

"मग लिहा, प्रक्रिया सुरू आहे."

"ती कंपनी निघाल्यापासून सुरूच आहे."

शेवटी मेलचा मजकूर ठरला तो असा: 'तुमच्या मुलाखती चांगल्या झाल्या आणि तुमचं नाव आम्ही पुढे पाठवलं आहे. आणखी एका उमेदवाराचाही विचार चालू आहे. उशीर जागेच्या मंजुरीमुळे होतो आहे आणि ती मिळेलच असं आज सांगता येत नाही. तोवर कृपया राजीनामा देऊ नका. दुसरी ऑफर आली तर तिची मुदत कळवा. निर्णय होवो न होवो, मी गुरुवारी पाचपर्यंत लिहीन.'

आधी शुक्रवार लिहिला होता. शुक्रवारी इथे साप्ताहिक सुट्टी, हे आठवल्यावर स्वतःलाच मेमो द्यावा अशा चेहऱ्याने त्याने तो खोडला.

"दुसरा उमेदवार कशाला सांगितलात? बिचकेल ना ती!" मॅनेजर कळवळला. त्यावर ऑफिसरसाहेबांनी शेवटी दोन ओळी जोडल्या. मुलाखतीत तिने विचारलं होतं, रात्रपाळी आहे का, आणि स्टेशनपर्यंत बस मिळते का. त्याचं उत्तर तिला कुणीच दिलं नव्हतं. माणसाचा रस टिकतो तो अशा उत्तरांनी, 'आमच्या परिवारात' वगैरेंनी नव्हे. साहेब स्वतः गेटवर जाऊन ड्रायव्हरला विचारून आले आणि लिहिलं, 'रात्रपाळी नाही. बस आहे, सहाची बस सव्वासहाला सुटते.'

गुरुवार उजाडला, सही नव्हती. तरी पावणेपाचला मेल गेली: 'अजून निर्णय नाही. पुढची मेल मंगळवारी.' "काहीच नाही, तर पाठवलं काय?" मॅनेजरने विचारलं. "काहीच नाही, हेच."

मुलीचं उत्तर आलं. महाप्यातून ऑफर आहे, सोमवारपर्यंत कळवायचंय. पण इथलं आधी ठरलं तर आवडेल. शनिवारी मालक परतताच साहेबांनी त्याची प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवली. मालकांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "महाप्याला किती देतायत?"