बारदानाचे नाना

आमच्या वसतिगृहाची मेस चालवणारे नाना सकाळी कांदा चिरत नाहीत, तोलतात. चिरायचं काम आचाऱ्याचं. कानावर पेन्सिल, पिशवीत काटा, आणि जगातल्या कुठल्याही भावावर एकच प्रश्न, "बारदानासकट का?"

पुण्याच्या मार्केट यार्डात भाव दहा किलोचा बोलतात. नाना तो ऐकून नुसतं हसतात. परवा कांद्याचे तीन भाव आले. पहिला किलोला 22, दुसरा 24, तिसरा 25, पण महिन्याच्या उधारीवर. मी अर्थातच बाविसावर बोट ठेवलं. नानांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि पहिल्या दोघांकडून पन्नास किलोची एकेक गोणी नमुन्याला मागवली.

पहिल्याची गोणी 1100 रुपयांची, वर हमाली-टेम्पोचे 40. बारदान गेलं एक किलो. मग नाना फरशीवर फतकल मारून बसले आणि कोंब आलेले, सडके कांदे वेगळे काढले, ते भरले पाच किलो. उरला 44 किलो. म्हणजे कढईत पडेपर्यंत भाव जवळजवळ 26! दुसरा माल दारात पोचवून, बारदान वजा करून देत होता. 1200 रुपयांत सडका निघाला दोन किलो, भाव पडला बरोब्बर 25.

"आणि तिसरा? माल तर दुसऱ्यासारखाच आहे."

"चोविसावर एक रुपया, महिन्याभरासाठी. शेकडा चाराहून जास्त व्याज झालं. सावकार बरा! शिवाय उधारी थकलेल्या माणसाला सडकी गोणी परत करता येते होय?"

एकाचा भाव दुसऱ्याला सांगणं मात्र नाना पाप समजतात. "समोरचा एकवीसला देतोय" अशी थाप त्यांनी कधी मारली नाही. (मी एकदा मारली. गाळेवाला म्हणाला, "मग माझ्यासाठीपण दोन गोण्या आणा.") दुसऱ्याला ते एवढंच म्हणाले, "भाऊ, भाव राहू दे चोवीसच, पण हिशेब दर शनिवारी. खराब निघेल ते त्याच दिवशी परत." भाऊंनी आढेवेढे घेतले, चहा मागवला, शेवटी मान डोलावली. चहाचे पैसे नानांनी दिले आणि किलोमागे किती पडले तेही वहीत मांडलं.

त्या संध्याकाळी काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, 20 रुपयांची मेथीची जुडी आणली. नानांनी काटा काढला. काकूंनी मुकाट्याने पानं खुडली, देठ बाजूला केले. पानं भरली पाव किलो.

"ऐंशी रुपये किलोने पडली!" नाना गरजले.

"आणि खुडणावळ?"

नानांनी पेन्सिल कानावरून काढली, वहीत नवा रकाना आखला आणि जरा चाचरत विचारलं, "रोख घेणार, की शनिवारी?"