फिरता बॅनर बसवण्याची शासनमान्य पद्धत

स्लायडर बसवण्याआधी एक यादी करावी : कोणाकोणाला दुखावून चालणार नाही. जिल्ह्याचे संकेतस्थळ असेल तर ही यादी आपोआप तयार होते. गोंदिया जिल्हाच घ्या. 1 मे 1999 रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि त्यात 8 तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याला एक स्लाइड द्यावी. सालेकशाला हाजरा धबधबा, अर्जुनी मोरगावला नवेगावबांध, आणि असेच पुढे. कोणाचीही तक्रार येत नाही. प्रत्येक स्लाइड 5 सेकंद थांबते असे धरले तर आठव्या क्रमांकावरच्या नवेगावबांधाची पाळी 35 सेकंदांनी येते. तोवर वाचक एकतर पान खाली सरकवून गेलेला असतो, नाहीतर पानच बंद करून. पण मंजुरीच्या बैठकीत आठही स्लाइड शेवटपर्यंत पाहिल्या जातात, आणि महत्त्व त्याला आहे.

स्लायडर कुठून आणायचा, ही चिंता नसते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची S3WaaS नावाची तयार चौकट असते, देशातल्या बहुतेक जिल्ह्यांची संकेतस्थळे तिच्यावर उभी आहेत, आणि फिरता बॅनर तिच्यात आयताच मिळतो. रिकामी जागा मिळाली की ती भरायची, ही कार्यालयाची जुनी रीत आहे.

आता चित्र. ते 1920 पिक्सेल रुंद आणि 600 पिक्सेल उंच करून घ्यावे, आणि सगळा मजकूर चित्रातच छापून टाकावा. अक्षरे 32 पिक्सेलची ठेवली तर साहेबांच्या मोठ्या पडद्यावर ठसठशीत दिसतात. हेच चित्र 360 पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर गेले की त्याची उंची साधारण 112 पिक्सेल उरते, आणि अक्षरे 6 पिक्सेलची होतात. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर याहून वाचनीय असतो. शिवाय चित्रातली अक्षरे गुगलवर शोधणाऱ्याला नीट सापडत नाहीत, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तर दिसतच नाहीत. दृष्टिहीन नागरिकासाठी ‘धान खरेदी नोंदणी सुरू’ ही स्लाइड म्हणजे ‘banner5_final2.jpg’. एकेक चित्र दीड एमबीचे असले तर आठांचे 12 एमबी होतात. जंगलपट्ट्यातल्या गावात 1 एमबीपीएस वेग मिळाला, तर ती सगळी उतरायला दीड मिनिटाहून जास्त लागते.

इथे एक नियम आडवा येतो. आपोआप सुरू होणारी हालचाल 5 सेकंदांहून जास्त चालणार असेल, तर ती थांबवण्याची सोय हवी, असे आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकष सांगतात, आणि भारत सरकारच्या संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच निकषांवर बेतलेली आहेत. नियम पाळावाच. थांबवण्याचे बटण द्यावे, पारदर्शक पांढरे द्यावे, आणि धबधब्याच्या फेसावर ठेवावे.

इतके झाल्यावर एखादा खवचट कर्मचारी विचारतो : हे कोणी बघते का? त्याला गप्प करण्यासाठी आकडे शोधू नयेत, कारण ते त्याच्याच बाजूने निघतात. अमेरिकेतल्या नॉत्र दाम विद्यापीठाच्या एरिक रनयन यांनी 2013 मध्ये आपल्या विद्यापीठाच्या मुख्य पानाची मोजणी प्रसिद्ध केली. भेट देणाऱ्यांपैकी सुमारे 1 टक्का लोकांनी स्लायडरवर क्लिक केले होते, आणि त्यातले 84 टक्के क्लिक पहिल्याच स्लाइडवर होते. म्हणजे बाकीच्या स्लाइड बैठकीपुरत्या. त्याच वर्षी याकोब नीलसन यांनी एक चाचणी नोंदवली : वॉशिंग मशीनवर काही सवलत आहे का, एवढे शोधायचे होते, आणि सवलत पानाच्या माथ्यावरच्या फिरत्या बॅनरमध्ये मोठ्या अक्षरांत होती. वापरणाऱ्या व्यक्तीला ती दिसली नाही. जे हलते ते जाहिरात, हे डोळ्याने कधीच शिकून घेतलेले असते.

पण परदेशी विद्यापीठाचे आकडे जसेच्या तसे गोंदियाला लावणेही बरोबर नाही, आणि इथे थट्टा थोडी बाजूला ठेवतो. स्लायडरवरचे क्लिक मोजून फारसे कळत नाही. मोजायचे ते काम : धान नोंदणीचे पान किती जणांना गाठता आले. आधी स्लायडर, मग स्थिर पान, अशी तुलनाही फसवी ठरते. नोंदणीचा हंगाम तोंडावर आला की संकेतस्थळावर झुंबड उडते, हंगाम सरला की शुकशुकाट. ऑगस्टमध्ये स्लायडर आणि ऑक्टोबरमध्ये स्थिर पान ठेवले, तर यश पानाचे नसून हंगामाचे असते. म्हणून एकाच आठवड्यात निम्म्या लोकांना एक पान आणि निम्म्यांना दुसरे दाखवावे. ते जमत नसेल तर धान विकणाऱ्या पाच-सात शेतकऱ्यांच्या हातात त्यांचाच फोन द्यावा, ‘तुमच्या गावाचे खरेदी केंद्र शोधा’ म्हणावे आणि तोंड बंद ठेवावे. बोट कुठे अडते ते बघावे. बोट स्लायडर ओलांडून सरळ खाली गेले, तर निकाल लागला.

मग त्या जागेवर काय ठेवायचे? याचे उत्तर संगणक विभागात मिळत नाही, चौकशी खिडकीवर मिळते. तिथला माणूस दिवसभर तेच पाच-सहा प्रश्न ऐकतो. त्याच्याकडून एका आठवड्याची यादी करून घ्यावी आणि लोकांचे शब्द बदलू नयेत. ‘शेतमाल विपणन सुविधा’ नाही. ‘धान कुठे विकायचे’. मोबाइलचा पहिला पडदा जेमतेम 640 पिक्सेल उंच असतो. त्यात वरती जिल्ह्याचे नाव, त्याखाली शोधण्याची चौकट, आणि मग आजची एकच महत्त्वाची गोष्ट साध्या अक्षरांत बसते : ‘धान खरेदी नोंदणी सुरू. शेवटची तारीख अमुक. सातबारा, आठ अ, आधार आणि पासबुक आणा. आपले केंद्र पाहा.’ त्याखाली चार दुवे, खिडकीवरच्या यादीच्या क्रमाने. गोंदियात आधारभूत खरेदी पणन महासंघही करतो आणि आदिवासी विकास महामंडळही, त्यामुळे ‘माझे केंद्र कोणाचे’ हा प्रश्न खरा आहे. गावाचे नाव टाकले की केंद्र आणि फोन नंबर दिसला पाहिजे. पीडीएफ उघडून सतरा पाने चाळायला लावू नयेत.

त्या एका सूचनेला काढण्याची तारीख आणि काढणाऱ्याचे नाव लावूनच ती चढवावी. नाहीतर मुदत संपल्यावरही ‘नोंदणी सुरू’ झळकत राहते, आणि ते फिरत्या स्लाइडपेक्षा वाईट, कारण ते वाचून माणूस बस धरून येतो.

स्लायडरला अगदीच हद्दपार करू नये. नवेगावबांधजवळच्या निवासाच्या खोल्या कशा आहेत, हे पाहायला आलेल्या पर्यटकाला एकामागून एक फोटो हवेच असतात. तो स्वतः बोटाने सरकवतो, आणि चित्रे आपणहून हलत नाहीत. तिथे ते शोभते. मुख्य पानाच्या माथ्यावर नाही.

राहिला प्रश्न मुख्य पानावरून उतरलेल्या साहेबांच्या फोटोचा आणि आठ तालुक्यांच्या मानाचा. फोटो ‘अधिकारी’ पानावर द्यावा, नंबरसह. तालुक्यांना प्रत्येकी एक पान द्यावे, आणि त्यावर धबधब्याखाली तहसील कार्यालयाचा चालू फोन नंबर टाकावा. आधी तो लावून बघावा. कोणी उचलला तरच छापावा.