बेचाळीस लाख रकाने

प्रश्न : कंपनी म्हणते, आमचे इतके लाख ग्राहक. हे पडताळता येतं का?

उत्तर : येतं की! अमेरिकेतल्या जेपी मॉर्गन बँकेने पडताळलंच होतं. विद्यार्थ्यांना शिक्षणसाहाय्याचे अर्ज भरून देणारी ‘फ्रँक’ ही कंपनी तिने 2021 मध्ये साडेसतरा कोटी डॉलरना घेतली. दावा होता साडेबेचाळीस लाख ग्राहकांचा. बँकेने यादी मागितली. खरे ग्राहक तीन लाखही नव्हते, तेव्हा संस्थापिकेने एका प्राध्यापकाला 18,000 डॉलर देऊन संगणकावर बनावट यादी करवून घेतली.

प्रश्न : मग तपासणीत काहीच कसं सापडलं नाही?

उत्तर : गोपनीयतेच्या नावाखाली यादी गेली तिऱ्हाईत कंपनीकडे. तिने ओळी मोजल्या, नाव-पत्त्याचे रकाने भरलेत ना, एवढंच पाहिलं. भरलेले होतेच, त्याचेच तर पैसे मोजले होते! ती माणसं जन्माला आली आहेत का, हे विचारणं तिच्या कामात नव्हतं.

प्रश्न : बिंग फुटलं कसं?

उत्तर : व्यवहार उरकल्यावर बँकेने चार लाख जणांना जाहिरातीचे ईमेल धाडले. पोचले जेमतेम 28 टक्के. म्हणजे साडेसतरा कोटींचा सौदा करण्याआधी ‘नमस्कार’ एवढंच लिहून हजारभर ईमेल पाठवले असते, तरी भागलं असतं. पण मोठ्या बँकेला असली फुकटातली तपासणी शोभते का? संस्थापिकेला 2025 मध्ये सात वर्षांहून अधिक कैद झाली.